चुकलेलं नाव, हरवलेली ओळ

पालघर परिसरात वर्षभर कुठे ना कुठे मंच उभा असतो. 14 ऑगस्टला हुतात्म्यांना मानवंदना, मार्चमध्ये बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत सुरक्षा सप्ताह, थंडीत शाळांची स्नेहसंमेलनं. प्रत्येक मंचावर कुणीतरी निवेदन करत असतं, आणि कधीतरी ऐन परिचयात त्याची ओळ हरवते किंवा पाहुण्याचं नाव चुकतं. पुढच्या काही सेकंदांत त्याने काय करावं, याविषयी दोन मतांचा हा संवाद. मावशी पालघरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, गावोगावच्या कार्यक्रमांत निवेदन केलेली. भाचा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. तिथल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन त्याच्याकडे असतं.

भाचा : मावशी, माझं मत सरळ आहे. चुकलं तरी थांबायचं नाही. आपल्या कार्डावर काय लिहिलंय ते लोकांना ठाऊक नसतं. एक ओळ राहिली तर ती राहिल्याचं फक्त मला कळतं. मी थांबलो, कपाळावर हात मारला, दोनदा ‘सॉरी’ म्हटलं, की मग ते सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा पुढे जावं.

मावशी : ओळीपुरतं म्हणत असशील तर मला मान्य आहे. पण तू ओळ आणि नाव एकाच हिशेबात धरतोयस. ओळ तुझी असते. ती गाळलीस तर नुकसान झालंच तर तुझं. नाव समोरच्या माणसाचं असतं. ते चुकलं की त्याला कळतं, त्याच्या बायकोमुलांना कळतं, शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांना कळतं. तिथे तू पुढे निघून गेलास तर तू तुझी अब्रू राखलीस आणि त्याची सोडून दिलीस.

भाचा : आधी ओळीचं बोलू. पुढे जायचं म्हणतो खरा, पण पुढे काय होतं तेच आठवत नाही, ही खरी अडचण असते. अर्ध्या वाक्यात माणूस अडकतो.

मावशी : अर्ध्या वाक्यात का अडकतो, ते बघ. आपली परिचयाची ठरलेली वाक्यं आठव. ‘ज्यांनी अमुक साली कारखान्यात पाऊल ठेवलं, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तमुक विभाग उभा राहिला, ज्यांनी कामगारांच्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं, असे...’ मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ह्या ‘ज्यांनी’च्या माळेत तर मुख्य वाक्य सुरूच होत नाही. तिसऱ्या ‘ज्यांनी’ला स्मरण दगा देतं तेव्हा आधीची दोन्ही वाक्यं लोंबकळत राहतात. ऐकणारा शेवटाची वाट बघत असतो, म्हणून ती शांतता त्याला जाणवते.

भाचा : मग ‘ज्यांनी’ टाळायचंच?

मावशी : कार्डावर तरी टाळ. ‘साहेब 1998 साली ह्या कारखान्यात आले. बॉयलर विभाग त्यांनी उभा केला. कामगारांच्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं.’ प्रत्येक वाक्याला स्वतःचं क्रियापद आहे. दुसऱ्या वाक्यानंतर तिसरं आठवलं नाही तर दुसऱ्यावर थांबता येतं, आणि ऐकणाऱ्याला वाक्य पुरं झालेलं असतं. तिथे दोन सेकंद गप्प राहिलास तर लोक त्याला विराम समजतात. अर्ध्या वाक्यातले दोन सेकंद मात्र त्यांना खड्डा वाटतात.

भाचा : आणि सवयीने ‘ज्यांनी’ निघालंच तोंडातून, आणि अडकलोच, तर?

मावशी : तर माळ तिथेच बांधून टाक. ‘...असे आपले आजचे पाहुणे.’ झालं वाक्य. मग कार्डाकडे बघ आणि नवं, छोटं वाक्य सुरू कर. आठवायचा प्रयत्न हवेत बघून करायचा नाही. ‘अं... अं...’ करायचं नाही. तोंड मिटायचं, मान खाली घालून कार्ड वाचायचं, मान वर करून बोलायचं. कार्ड बघणं हा निवेदकाचा अपराध नाही.

भाचा : इथे आमचं खटकतं. पाठ करून आलेला माणूस कार्ड बघतो तेव्हा तयारी कमी पडल्यासारखी दिसते. मला वाटतं, थोडा वेळ दिला तर आठवतंच.

मावशी : बऱ्याचदा नाही आठवत, आणि ताणत बसल्याने आणखी एक नुकसान होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. ओठांवर आलेला पण निघत नसलेला शब्द काहींना 10 सेकंद, काहींना 30 सेकंद शोधू दिला आणि मग सांगितला. दोन दिवसांनी तेच शब्द पुन्हा विचारले, तर जास्त वेळ झगडलेले लोक त्याच शब्दावर पुन्हा जास्त अडकले. झगडताना ते अडकण्याचाच सराव करत होते. म्हणून अडकलास की लगेच कार्ड बघ. आणि कार्यक्रम संपल्यावर घरी जाताना ते नाव दोन-चार वेळा मोठ्याने बरोबर म्हण.

भाचा : बरं, ओळीचं पटलं. पण एक युक्ती मी हमखास वापरतो. नाव आठवलं नाही तर पद सांगतो. ‘आता मी आमंत्रित करतो आपल्या सर्वांचे लाडके उत्पादन प्रमुख!’ टाळ्या वाजतात, साहेब उठून येतात, कुणाला काही कळत नाही.

मावशी : पद का आठवतं आणि नाव का नाही, त्याला कारण आहे. ब्रिटिश संशोधकांनी 1987 साली लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, सोबत आडनाव आणि व्यवसाय सांगितला. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्याचा धंदाही. तोच शब्द धंदा म्हणून सांगितला की लोकांना आठवायचा, आडनाव म्हणून सांगितला की विसरायचा. धंद्याला डोळ्यांसमोर चित्र असतं, भट्टी असते, पीठ असतं. आडनावाला असं काही चिकटलेलं नसतं. तेव्हा नाव विसरणं हा उद्धटपणा नाही. पण ज्या परिचयात नावच आलं नाही, तो परिचय झाला कुठे? तू सांगितलेलं पद उद्या दुसऱ्याचं होईल.

भाचा : मग नाव न आठवणाऱ्याने काय करायचं?

मावशी : नाव कधी पाठ ठेवायचंच नाही. बाकी सगळं मनाने बोल, नाव मात्र दरवेळी कार्डावरून वाच, अगदी रोजच्या ओळखीच्या माणसाचंसुद्धा. मोठ्या अक्षरात, एका ओळीत फक्त नाव, आणि ते परिचयाच्या शेवटी. मग मध्ये कितीही हरवलास तरी जायचं ठिकाण ठरलेलं असतं. सगळं विसरलास तर कार्डाची शेवटची ओळ वाच. परिचय लहान होईल, पण पुरा होईल.

भाचा : कार्डावर असूनही चुकतं, मावशी. आमच्याकडचा प्रश्न तोच आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, मग औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशभरातून माणसं आली. तमिळ, मल्याळी, ओडिया, बंगाली, बिहारी. ऑफिसातून यादी इंग्रजीत येते. समज, यादीत तमिळ बाईंचं नाव आहे, कनिमोळी. इंग्रजीत त्यातला ‘ळ’ झेड आणि एच अशा दोन अक्षरांनी लिहितात. मराठी माणूस तो ‘झ’ वाचणार. म्हणजे ‘कनिमोझी’.

मावशी : आणि गंमत बघ, तो आवाज आपल्याला जवळचा आहे. तमिळमधला तो उच्चार हुबेहूब आपल्या ‘ळ’सारखा नसला तरी आपण ‘तमिळ’ हा शब्दसुद्धा ‘ळ’नेच लिहितो. इंग्रजी यादीने तुला तुझ्याच अक्षरापासून लांब नेलं. तसंच टी-एचचं. दक्षिणेत ती दोन अक्षरं बहुतेक वेळा ‘त’साठी लिहितात. आपण ‘लता’ला ‘लथा’ करून मोकळे होतो.

भाचा : समज, मी ‘कनिमोझी’ म्हणून गेलो. आता?

मावशी : कधी लक्षात आलं, त्यावर अवलंबून आहे. नाव उच्चारताउच्चारताच कळलं, तर तिथेच थांब आणि पूर्ण नाव पुन्हा घे, किंचित सावकाश. ‘कनिमोझी... कनिमोळी मॅडम.’ आणि पुढचं वाक्य. फक्त चुकलेलं अक्षर दुरुस्त करू नकोस. नुसतं ‘मोळी, मोळी’ म्हटलंस तर मागच्या रांगेला कळतच नाही कशाबद्दल चाललंय. नाव पहिल्या अक्षरापासून पुन्हा घ्यायचं.

भाचा : माफी?

मावशी : एक शब्द. ‘क्षमा करा’ किंवा ‘माफ करा’, तेही हवं तर. तू मघाशी म्हणालास ना, दुरुस्तीने चूक मोठी होते? ती मोठी होते लांबलेल्या माफीने. ‘माफ करा हं मॅडम, काय आहे, साउथची नावं जरा अवघड असतात, आमची जीभ वळत नाही’, इथपर्यंत गेलास की परिचय तुझा सुरू झाला, त्यांचा थांबला. शिवाय नाव अवघड आहे असं चारचौघांत म्हणणं म्हणजे दोष त्यांच्या आईवडिलांवर ढकलणं. नावावर विनोद तर मुळीच नको. लोक हसतात, आणि त्या बाईंनाही मग सगळ्यांसोबत हसावं लागतं.

भाचा : आणि उच्चारताना लक्षातच आलं नाही, दोन वाक्यं पुढे गेल्यावर कळलं तर?

मावशी : कसं कळतं, सांग बघू.

भाचा : त्यांच्या विभागातली मुलं एकमेकांकडे बघतात. कुणीतरी खालून बरोबर नाव पुटपुटतं. कधी पाहुणे स्वतःच हलकेच मान हलवतात.

मावशी : हो, पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उमटतं ते. म्हणून नाव घेताना कार्ड वाचून झालं की नजर त्यांच्याकडे हवी. दोन वाक्यांनी कळलं तर चालू वाक्य पुरं कर आणि माइक देण्याआधी सरळ सांग, ‘मघाशी मी नाव चुकीचं घेतलं. कनिमोळी मॅडमना मी विनंती करतो, त्यांनी मार्गदर्शन करावं.’ दुरुस्ती त्याच आमंत्रणात मिसळून गेली. त्या बोलायला उभ्या राहिल्यावर कळलं, तर मध्ये पडायचं नाही. भाषण संपल्यावर आभार मानताना नाव बरोबर घ्यायचं, आणि आधी चुकलं होतं हे एका वाक्यात म्हणायचं.

भाचा : हे शेवटचं मला जड जातं. भाषण झालं, टाळ्या झाल्या, लोक विसरले. आता कशाला उकरायचं? नुसतं नाव बरोबर घेतलं की पुरे नाही का?

मावशी : ज्यांना माहीत आहे त्यांना पुरे. ज्यांनी तुझ्या तोंडून ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्याकडे आता दोन उच्चार आहेत. खरा कुठला हे त्यांना कोण सांगणार? बातमी लिहायला आलेला पत्रकार तुझाच उच्चार वहीत उतरवून घेतो.

भाचा : एक अवस्था राहिली. चुकलं असं वाटतंय, पण बरोबर काय तेही माहीत नाही.

मावशी : तेव्हा अंदाज बांधायचा नाही. एक अंदाज चुकला की दुसरा, मग तिसरा, आणि तीन चुका एकाच नावावर. सरळ त्यांच्याकडे वळ. ‘मॅडम, आपलं नाव आपल्याकडूनच ऐकायला आवडेल.’ त्या सांगतील. तू ऐकलंस तसं एकदा म्हण आणि पुढे जा. पाहुण्यांनी आपणहून दुरुस्त केलं तरी हेच. मान लववायची, बरोबर नाव म्हणायचं, विषय संपला.

भाचा : खरं तर हे कार्यक्रमाआधी विचारायला हवं.

मावशी : हवंच. आणि विचारून देवनागरीत लिहायला हवं. तरी देवनागरीवरही सगळं सोडू नकोस. आपल्या लिपीत ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च सारखाच दिसतो. ‘ज’ आणि ‘झ’चं तेच. आडनाव ‘च’ने सुरू होत असेल तर कुठला च, हे कागद सांगत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा यांचंच घे. गंजाडच्या ह्या माणसाला 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं आडनाव मराठीत ‘म्हसे’ असंही छापलेलं सापडतं आणि ‘मशे’ असंही. इंग्रजीवरून वाचणारा त्याचं ‘माशे’ करतो. छापलेल्यातलं कुठलं घ्यायचं हे निवेदकाने ठरवायचं नसतं. घरचे जसं म्हणतात तसं म्हणायचं, आणि त्यासाठी विचारावं लागतं.

भाचा : आता माझा एक प्रश्न. चुकीचं घेतलेलं नाव दुरुस्त करता येतं. घ्यायचंच राहून गेलं तर?

मावशी : ते सगळ्यात वाईट, कारण तिथे कानाला काहीच खटकत नाही. 14 ऑगस्टची नावं घे. 1942 च्या त्या दिवशी पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, पालघरचे रामचंद्र तिवारी, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे. तुझ्या हातात हा कागद आहे. चूक कुठे होईल?

भाचा : दोन रामचंद्र आहेत.

मावशी : बरोबर. नावं एकाखाली एक असतील तर ‘रामचंद्र’ वाचून तू मान वर करतोस, परत खाली बघताना डोळा दुसऱ्या ‘रामचंद्र’वर पडतो, आणि तू ‘चुरी, मुरबे’ वाचून पुढे जातोस. चार नावं झाली. वाक्यं सगळी नीट, आवाज नीट, आणि एक माणूस गेला. पाच माणसं पाच गावची, म्हणून एक नाव गेलं की एक गावही गेलं.

भाचा : लक्षात कसं येणार?

मावशी : नावांपुढे 1 ते 5 आकडे घाल. दोन नावांमध्ये एक ओळ मोकळी सोड. अंगठा ओळीखाली सरकव. आणि सुरुवातीलाच म्हण, ‘पाच हुतात्म्यांना वंदन करूया.’ एकदा ‘पाच’ म्हटलंस की तूही मोजतोस आणि लोकही मोजतात. चौथ्यानंतर कागद संपला की तुला तिथल्या तिथे कळतं.

भाचा : कळलं की राहिलेलं नाव घ्यायचं. ‘आणि पालघरचे रामचंद्र तिवारी.’ संपलं.

मावशी : व्यासपीठावरच्या मान्यवरांची यादी असेल तर संपलं. तिथे ‘एक नाव राहिलं’ म्हणून लगेच घ्यावं, पुढच्या संधीची वाट बघू नये. मानवंदनेत मात्र मी पाचही नावं पहिल्यापासून पुन्हा वाचेन. मागून जोडलेलं नाव पुरवणीसारखं ऐकू येतं. त्या पाचांत कुणी पुरवणी नाही.

भाचा : पण त्याने चूक ठळक होते. पुढच्या रांगेत ज्यांच्या गावाचं नाव राहिलं ती माणसं बसलेली असतात.

मावशी : म्हणूनच. त्यांना चूक आधीच कळलेली असते. पुन्हा वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.

भाचा : ह्याला एक जगप्रसिद्ध दाखला आहे खरा. 2009 च्या 20 जानेवारीला ओबामांच्या शपथविधीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून 35 शब्दांच्या शपथेतला एक शब्द जागचा हलला. ओबामा क्षणभर थांबले, त्यांना दुरुस्तीची संधी दिली, तरी घोटाळा झालाच. समारंभ त्यांनी थांबवला नाही, भाषण ठरल्याप्रमाणे झालं. आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये पूर्ण शपथ पुन्हा घेतली. म्हणजे दोघंही बरोबर ठरतो आपण.

मावशी : त्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्या दिवशी दोघांचं स्वागतपर बोलणं अडखळलं असतं तर कुणी ते पुन्हा केलं नसतं. शपथेचे शब्द राज्यघटनेने ठरवलेले, त्या दोघांपैकी कुणाच्याही मालकीचे नव्हते. म्हणून ते जसेच्या तसे पुन्हा उच्चारावे लागले. कवितेचंही तसंच आहे. निवेदनात चारोळी म्हणताना तिसरी ओळ गेली तर जुळवून स्वतःची ओळ घालू नकोस. ती कवीच्या नावावर जाते. ‘कवीने पुढे आशेबद्दल म्हटलंय’, असं गद्यात सांगून पुढे जा.

भाचा : म्हणजे नियम असा होतो. जे माझं आहे ते राहिलं तर सोडून द्यायचं. जे दुसऱ्याचं आहे ते चुकलं तर तिथेच परत करायचं, कमीत कमी शब्दांत. तरी एक गोष्ट मी सोडणार नाही, मावशी. आमच्या कारखान्यातल्या बक्षीस समारंभात तीस नावं असतात. एक राहिलं तर मी तेवढंच घेईन. तीसही पुन्हा वाचणार नाही.

मावशी : नको वाचूस. पण राहिलेल्याला बक्षीस द्यायला त्याच पाहुण्यांना परत उभं कर, आणि फोटोही तसाच घ्यायला लाव. नुसतं नाव घेऊन त्याचं देणं फिटत नाही. आणि माझ्याकडूनही एक घे. पूर्वी मी चुकलेल्या नावाची माफी मागत राहणं सभ्यपणाचं मानायचे. आता एका शब्दावर भागवते. पाहुण्यांना माझी माफी ऐकायला बोलावलेलं नसतं.

भाचा : पुढच्या सुरक्षा सप्ताहाची यादी आली आहे. इंग्रजीतच आहे.

मावशी : मग आज जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाकडे जा, नाव त्यांच्या तोंडून ऐक आणि त्यांच्यासमोर देवनागरीत लिही. लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. ते ‘हो’ म्हणाले की मगच पुढच्या माणसाकडे जा.